भीती नको, अडचण सांगा : होटगीतल्या एका पत्रकाची जडणघडण

दिवाळी जवळ आली की गावोगावच्या विजेच्या खांबांवर आणि दुकानांच्या शटरांवर एक ठरावीक फलक दिसू लागतो. वर लाल अक्षरात ‘सावधान!’, त्याखाली काळा मुखवटा घातलेला चोर, मग ‘एचडी क्वालिटी, नाईट व्हिजन, मोबाईलवर लाईव्ह, चार कॅमेरे फक्त इतक्यात’, आणि शेवटी फोन नंबर. सीसीटीव्ही बसवणारे बहुतेक जण हाच मजकूर वापरतात. फलकावरून दुकानाचं नाव पुसलं आणि दुसरं लिहिलं तरी काहीच बिघडत नाही. वाचणारा तो एकदा बघतो आणि पुढे जातो. पुढे कधी गरज पडलीच, तर जो सगळ्यात कमी भाव सांगेल त्याला बोलावतो. बसवणाऱ्याचं काम कितीही चांगलं असो, त्याच्या जाहिरातीने त्याला भावाच्या शर्यतीत आधीच उतरवलेलं असतं.

जाहिरातलेखनात एक जुनं सूत्र आहे. इंग्रजीत त्याला ‘प्रॉब्लेम, ॲजिटेट, सोल्यूशन’ म्हणतात. आपण समस्या, टोचणी आणि उपाय म्हणू. अमेरिकेतले जाहिरातलेखक डॅन केनेडी यांनी विक्रीपत्रांवरच्या आपल्या लेखनातून हे सूत्र घरोघरी पोहोचवलं. सांगायला ते सोपं आहे. आधी वाचणाऱ्याची अडचण त्याच्याच शब्दांत मांडायची, मग ती कुठे कुठे सलते ते उलगडायचं, आणि त्यानंतरच आपल्याकडचा उपाय सांगायचा. वरचा फलक हा क्रम पाळत नाही. तो अडचणीच्या जागी फक्त एक चित्र टाकतो, आणि थेट उपायावर उडी मारतो. पण सूत्र कळलं म्हणजे ते वापरता आलं असं नाही, कारण मधली पायरी फार घसरडी आहे. ‘टोचणी’ म्हणजे घाबरवणं असं समजून लोक ती वापरतात, आणि सीसीटीव्हीच्या धंद्यात तर घाबरवायला चोर तयारच असतो.

सूत्र एका प्रत्यक्ष पत्रकावर चालवून बघू. जागा घेऊ होटगी. सोलापूर शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास असलेलं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव. रेल्वेचं जंक्शन आहे. इथून एक मार्ग वाडी-कलबुर्गीकडे जातो, दुसरा विजयपूर-गदगकडे. शेजारी सिमेंटचा कारखाना आहे, जवळच एनटीपीसीचा वीजप्रकल्प. होटगीचा मठ मोठा, वीरशैव परंपरेतला. गावात मराठीइतकीच कन्नडही कानावर पडते. अशा ठिकाणी स्टेशनच्या बाजूला एक छोटं दुकान आहे असं समजा. मालक स्वतः शिडीवर चढतो, हाताखाली एक पोरगा आहे. काम तो नीट करतो, पण गिऱ्हाईक ओळखीतूनच येतं. त्याला वर्तमानपत्रातून घरोघरी टाकायला एक पानी पत्रक हवं आहे. दुकान आणि मालक कल्पनेतले आहेत; बाकी कॅमेऱ्याचं, तारेचं आणि हार्ड डिस्कचं जे काही पुढे येईल ते खरं आहे.

पहिला प्रश्न असा की या पत्रकाची समस्या कोणती. मालक पटकन म्हणेल, ‘चोरी’. इथेच थांबायला हवं. कॅमेरा चोराला अडवत नाही. अडवतं ते कुलूप, कडी, ग्रिल आणि जागा माणूस. कॅमेरा दिसला म्हणून एखादा चोर पुढच्या घराकडे वळेलही, पण त्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तोंडाला रुमाल बांधून आलेल्या माणसाला कॅमेऱ्याचं भय फारसं नसतं. म्हणजे ‘चोरी’ ही समस्या मांडली तर ती आपल्या उपायाच्या आवाक्याबाहेरची आहे. सगळ्या सूत्राचा कणा माझ्या मते इथे आहे: उपाय खरोखर जेवढं करतो, तेवढीच समस्या मांडायची. त्यामुळे लिहिताना उलट बाजूने सुरुवात करावी लागते. आधी कॅमेरा काय करतो ते प्रामाणिकपणे कागदावर लिहायचं, आणि मग त्याच्याशी जुळणारी अडचण लोकांच्या आयुष्यात शोधायची.

कॅमेरा काय करतो? आपण नसलेल्या जागी काय घडतंय ते दाखवतो, आणि घडून गेलेलं तारीख-वेळेसह जपून ठेवतो. बस, दोनच गोष्टी. मग होटगीत कोणाला या दोन गोष्टींची उणीव जाणवते? घराला कुलूप लावून जाणाऱ्याला. दिवाळीत माहेरी, उन्हाळ्यात गावी, देवदर्शनाला गाणगापूर किंवा तुळजापूरला चार दिवस घर बंद राहतं. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, तेव्हा घरचे सगळेच शहरातल्या नातेवाइकांकडे मुक्कामाला जातात. कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याच्या घरी बायकामुलंच असतात. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचे आईवडील इथे दोघंच राहतात. या तिघांच्या अडचणी वेगवेगळ्या आहेत आणि एका पत्रकात तिन्ही कोंबल्या तर एकही कोणाला आपली वाटणार नाही. आपण पहिली निवडू, कारण पत्रक दिवाळीआधी जाणार आहे आणि त्या आठवड्यात प्रत्येक घरात ‘कुलूप लावून जायचं’ हे बोलणं चालूच असतं.

आता समस्या लिहायची, तीही लोक जशी बोलतात तशी. ‘आपल्या मौल्यवान मालमत्तेची सुरक्षितता’ असं होटगीत कोणी बोलत नाही. लोक शेजारच्या मावशींना म्हणतात, ‘आम्ही चार दिवस नाही, जरा लक्ष असू द्या.’ हे वाक्य प्रत्येकाने म्हटलेलं आहे. पत्रकाची सुरुवात तिथूनच करायची.

मधली पायरी, टोचणी. तिच्यासाठी मी तीन प्रश्न वापरतो. ही अडचण आल्यावर पुढे काय होतं? ते किती वेळा होतं? आणि आजवर त्यावर काय करून पाहिलं? उत्तरं आपोआप बारीक, खरी आणि ओळखीची येतात. लक्ष ठेवायला सांगून गेलेला माणूस पुढे काय करतो? रात्री अकराला मावशींना फोन करावासा वाटतो, पण त्या झोपल्या असतील म्हणून करत नाही. मावशी लक्ष ठेवतात, पण त्याही माणूस आहेत. मध्यरात्रीनंतर दाराशी कोण येऊन गेलं हे त्यांना कुठून कळणार? परत आल्यावर कडी वाकलेली दिसली, तर ती पहिल्या रात्री वाकली की शेवटच्या, हे कोणालाच सांगता येत नाही. आत काही गेलं नसलं तरी मनात संशय राहतो, आणि तो नेमका शेजारच्या, ओळखीच्या माणसावर जातो. इथे टोचणी पूर्ण झाली. एकही चाकू नाही, एकही मुखवटा नाही. वाचणाऱ्याने मनातल्या मनात ‘हो, असंच होतं’ म्हटलं की थांबायचं. त्यापुढचं प्रत्येक वाक्य त्याला चिडवतं किंवा घाबरवतं, आणि घाबरलेला माणूस कागद घडी करून बाजूला ठेवतो.

टोचणी ताणली तर काय होतं याचं एक नावाजलेलं उदाहरण अमेरिकेत आहे. लिस्टरिन हे १८७९ मधलं जंतुनाशक. १९२०च्या दशकात त्याच्या मालकांनी तोंडाच्या दुर्गंधीला ‘हॅलिटोसिस’ हे वैद्यकीय वाटणारं नाव पुढे करून जाहिराती केल्या. लग्न जमत नाही, मित्र दूर जातात, आणि कारण कोणी तोंडावर सांगत नाही, अशी ती टोचणी होती. माल प्रचंड खपला. पण त्याच मालाने सर्दी आणि घशाची दुखणीही टळतात, असाही दावा वर्षानुवर्षं चालू राहिला. १९७५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने आदेश दिला की सर्दीला याचा उपयोग होत नाही असं आता जाहिरातींतूनच सांगा, आणि १९७७ मध्ये न्यायालयाने तो आदेश कायम केला. दुर्गंधीवर माल थोडाफार चालत होता, सर्दीवर चालत नव्हता. दावा उपायाच्या पुढे गेला आणि तिथेच अडकला. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही फसव्या जाहिरातीच्या व्याख्येत खोटी हमी देणं आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं, दोन्ही येतं. ‘चोरीपासून शंभर टक्के संरक्षण’ हे वाक्य म्हणूनच पत्रकात नको.

तिसरी पायरी उपायाची, आणि इथे मला एक नियम फार उपयोगी पडतो: टोचणीतल्या प्रत्येक वाक्याला उपायात जोडीदार पाहिजे. वर तीन गोष्टी टोचल्या. दाराशी कोण आलं ते कळत नाही, कधी आलं ते सांगता येत नाही, आणि रात्री लांबून बघता येत नाही. उपायाने या तिन्हींना नाव घेऊन उत्तर द्यायचं. ‘एचडी क्वालिटी’ हे यातल्या कशाचंच उत्तर नाही.

‘कोण आलं’ याचं उत्तर देताना बसवणाऱ्याला आपला कॅमेरा ओळखावा लागतो. दोन मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्याचं चित्र आडवं १९२० बिंदूंचं असतं. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा तर सुरक्षा-कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एका मीटर रुंदीत सुमारे २५० बिंदू पडायला हवेत. म्हणजे कॅमेऱ्याने साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंदीचं दृश्य धरलं की चेहरा कामाचा राहत नाही. घरी लावतात त्या ३.६ मिलिमीटरच्या भिंगाला ही रुंदी कॅमेऱ्यापासून साधारण साडेचार मीटरवर, पंधरा फुटांवर गाठली जाते. त्यापुढे माणूस दिसतो, चालही ओळखू येते, पण ‘हाच तो’ असं म्हणता येत नाही. अंधारात तर अंतर आणखी कमी धरावं. गच्चीच्या कोपऱ्यात उंच लावलेल्या कॅमेऱ्यात पुष्कळ अंगण दिसतं आणि टोपीखाली कोणाचाच चेहरा दिसत नाही, हे या धंद्यातलं रोजचं दुखणं आहे. म्हणून एक कॅमेरा दारासमोर, चेहऱ्याच्या जवळपास उंचीला रोखलेला पाहिजे. पत्रकात लिहायचं ते मेगापिक्सेल नव्हे. पंधरा फूट लिहायचं.

‘कधी आलं’ याचं उत्तर हार्ड डिस्क देते. एका कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने ठेवलं, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा लागते. दोन कॅमेऱ्यांना ४३ जीबीच्या वर, म्हणजे एक टीबीची डिस्क तेवीस दिवसांच्या आसपास पुरते. चार कॅमेरे लावले की तीच डिस्क अकरा-साडेअकरा दिवसांत भरून जुनं रेकॉर्डिंग पुसू लागते. पंधरा दिवस गावाला गेलेल्याला परत आल्यावर पहिली रात्र मिळणारच नाही, आणि हे त्याला कोणी आधी सांगितलेलं नसतं. आपल्या पत्रकात दोन कॅमेरे आणि वीस दिवस असं लिहायचं. हा आकडा हिशेबातून आलेला आहे आणि थोडा राखूनही ठेवलेला आहे. रेकॉर्डरवरची तारीख-वेळ बरोबर असणं तितकंच महत्त्वाचं. आतला बटणाएवढा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे पडतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात मूळ उपकरण व्यवस्थित चालत होतं का, हा प्रश्न येतोच. घड्याळ चुकीचं असेल तर दुसरी बाजू तिथेच बोट ठेवेल.

‘रात्री लांबून बघता येत नाही’ याचं उत्तर देताना बहुतेक जण ‘मोबाईलवर लाईव्ह’ लिहून मोकळे होतात. पण वीज गेली की रेकॉर्डर बंद पडतो, आणि रेकॉर्डर यूपीएसवर असला तरी वाय-फायचा राउटर बंद पडला तर फोनवर काही दिसत नाही. कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर, तिन्ही यूपीएसवर हवेत. आणखी एक खोड रात्रीच दिसते. दिवसा स्वच्छ दिसणारा कॅमेरा अंधार पडताच लुकलुकतो किंवा काळा होतो. रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त विद्युतप्रवाह ओढतो, आणि तार लांब व हलक्या प्रतीची असेल तर बारा व्होल्ट त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत कमी पडतात. दुपारी काम आटोपून पैसे घेऊन गेलेल्या कारागिराला हे कळतही नाही. म्हणून आपला माणूस संध्याकाळी काम दाखवतो. मेन स्विच बंद करून, अंधारात, गिऱ्हाइकाच्याच फोनवर. हा त्याचा सगळ्यात मोठा विक्रीचा मुद्दा आहे, आणि आजवर त्याने तो कुठेच लिहिलेला नाही.

आता पूर्ण पत्रक असं होतं:

*कुलूप लावून चार दिवस गावाला निघालात?*

*‘जरा लक्ष असू द्या’ म्हणून शेजारी सांगून झालं असेल. ते लक्ष ठेवतातही. पण रात्री अकराला फोन करून ‘दार बघता का?’ असं त्यांना कसं विचारणार? आणि मध्यरात्रीनंतर दाराशी कोण येऊन गेलं, हे त्यांना तरी कसं कळणार? परत आल्यावर कडी वाकलेली दिसली, तर ती कोणत्या रात्री वाकली हे कोणालाच सांगता येत नाही. मग संशय उगाच ओळखीच्या माणसावर जातो.*

*आम्ही दोन कॅमेरे लावतो. एक पुढच्या दारासमोर, पंधरा फुटांपर्यंत चेहरा ओळखू येईल असा. दुसरा मागच्या दाराला. वीस दिवसांचं रेकॉर्डिंग तारीख-वेळेसह राहतं. कॅमेरे, रेकॉर्डर आणि वाय-फाय तिन्ही यूपीएसवर असतात, त्यामुळे लाईट गेली तरी यूपीएस आणि नेट चालू असेपर्यंत गावाहून फोनवर दार दिसतं.*

*कॅमेरा चोराला अडवत नाही. त्यासाठी कुलूप-कडी मजबूतच हवी. कॅमेरा तुम्हाला दाखवतो आणि जपून ठेवतो.*

*काम संध्याकाळी दाखवतो. मेन स्विच बंद करून, अंधारात, तुमच्याच फोनवर. बघा, पटलं तरच पैसे द्या.*

*आधी घर बघायला येतो, त्याचे पैसे नाहीत. तार, यूपीएस, मजुरी धरून एकच रक्कम कागदावर लिहून देतो. फोन करताना ‘दिवाळीचं पत्रक’ एवढं सांगा.*

खाली दुकानाचं नाव आणि नंबर. कन्नड बोलणाऱ्या घरांसाठी मागच्या बाजूला हाच मजकूर कन्नडमध्ये, पण तिथल्या एखाद्या बाईच्या तोंडच्या कन्नडमध्ये, शब्दाला शब्द ठेवून नव्हे.

‘कॅमेरा चोराला अडवत नाही’ हे वाक्य वाचून मालक दचकेल. पैसे खर्चून छापलेल्या पत्रकात आपणच आपल्या मालाची मर्यादा का सांगायची? पण वाचणाऱ्याच्या मनात ती शंका आधीच असते. ती त्याच्या आधी आपण बोललो, तर ‘पंधरा फूट’ आणि ‘वीस दिवस’ हे शब्द तो खरे मानतो. पत्रकातली सगळ्यात जास्त विश्वास कमावणारी ओळ हीच आहे असं मला ठामपणे वाटतं. ती काढून टाकायची असेल, तर आधी ‘शंभर टक्के संरक्षण’ लिहिणाऱ्या फलकांना किती फोन येतात ते विचारून बघावं.

सूत्र प्रत्येक वाचणाऱ्यावर चालत नाही. यूजीन श्वार्ट्झ यांनी १९६६ मध्ये ‘ब्रेकथ्रू ॲडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात वाचणाऱ्याला आपल्या अडचणीची आणि मालाची किती जाणीव आहे यावरून पायऱ्या पाडल्या. ज्याला अडचण जाणवते पण उपाय ठरवलेला नाही, त्याच्यासाठी समस्या-टोचणी-उपाय हा क्रम उत्तम. ज्याने चार दुकानांतून भाव काढले आहेत, त्याच्यापुढे पुन्हा अडचण उगाळली तर तो वैतागतो. त्याला हमी, सुटे भाग आणि रक्कम सांगायची. म्हणून घरोघरच्या पत्रकात हे सूत्र ठेवावं. दुकानात येऊन ‘चार कॅमेऱ्यांचे किती?’ विचारणाऱ्यासमोर मात्र सरळ यादी आणि रक्कम ठेवावी.

पत्रक चाललं की नाही हे कसं कळणार? ‘दिवाळीचं पत्रक’ हा खुणेचा शब्द त्यासाठीच आहे. फोन आला की वहीत तारीख, कुठून कळलं, घर बघितलं का, काम झालं का, एवढंच लिहायचं. फोन येतात पण घर बघितल्यावर काम होत नसेल, तर पत्रक चांगलं आहे आणि दोष रकमेत किंवा बोलण्यात आहे. फोनच येत नसतील, तर पहिली ओळ बदलायची. बाकीच्याला हात लावायचा नाही. दोन मथळे तपासायचे तर एक स्टेशनच्या बाजूला आणि दुसरा गावात टाकता येतो, पण पाचशे पत्रकांवर एकाला तीन आणि दुसऱ्याला पाच फोन आले म्हणून दुसरा चांगला असा निष्कर्ष काढू नये. इतका फरक नशिबानेही पडतो. दोन-तीन सणांची वही एकत्र केल्यावरच काही म्हणता येईल.

पत्रकात न लिहिलेल्या पण घर बघताना बोलायच्या दोन गोष्टी राहतात. कॅमेरा शेजारच्याच्या खिडकीत, न्हाणीघराच्या वाटेवर किंवा त्यांच्या अंगणात डोकावणार नाही असा कोन धरून, तो शेजाऱ्यांनाही दाखवावा. ज्या मावशींना लक्ष ठेवायला सांगितलं, त्यांच्यावरच लक्ष ठेवल्यासारखं झालं तर गिऱ्हाइकाचं घर वाचेल आणि शेजार जाईल. दुसरं, कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड तिथल्या तिथे बदलून, नवा गिऱ्हाइकाच्या हाताने टाकून घ्यावा. बाजारात विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना बीआयएसची नोंदणी आवश्यक आहे आणि एप्रिल २०२५ पासून त्यात सायबर सुरक्षेच्या चाचण्यांचीही भर पडली आहे. खोक्यावरचा नोंदणी क्रमांक गिऱ्हाइकाला दाखवावा.

सीसीटीव्ही बसवणाऱ्या मित्रांना एकच सांगणं आहे. या दिवाळीत नवीन फलक छापण्याआधी तुमच्या शेवटच्या दहा गिऱ्हाइकांना फोन करा आणि कॅमेरा घेण्याआधी नेमकी कोणती गोष्ट मनात घोळत होती, एवढंच विचारा. ते जे शब्द वापरतील ते जसेच्या तसे लिहून ठेवा. तुमच्या पत्रकाची पहिली ओळ त्यातच सापडेल.